चौघांच्या पॅनेलला चार वेगळे आभाराचे मेल

प्रश्न: ताई, मी सांगलीचा, पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. कॅनडाचा पीआर हातात आलाय, एप्रिलमध्ये निघतोय. पुढच्या मंगळवारी ऑन्टारिओतल्या एका नगरपालिकेच्या पाणी विभागाची व्हिडिओवर मुलाखत आहे, पॅनेलवर चौघं. नंतर प्रत्येकाला वेगळा आभाराचा मेल पाठवायचा असतो म्हणे. तेच ते न वाटता चौघांना काय लिहू? आणि त्याचा उपयोग होतो का?

पाठव. पण त्यानं गुण वाढतील ही अपेक्षा ठेवू नकोस. नगरपालिकांच्या मुलाखती बहुतेक ठरलेल्या चौकटीतल्या असतात. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक सदस्यापुढे गुणांचा तक्ता असतो. मी आता अशा पॅनेलवर बसते. उमेदवाराचा मेल येतो तोवर आमचे आकडे बहुतेक वेळा मांडून झालेले असतात, आणि मेल वाचून कुणी ते खोडत नाही. उपयोग होतो तो वेगळ्या ठिकाणी. ज्यांच्याबरोबर तुला रोज काम करायचंय, त्यांना त्या मेलमधून कळतं की आपण बोललो ते या माणसानं नीट ऐकलं होतं. चारही मेल एकाच मजकुराचे निघाले तर ऐकलं नव्हतं हेही तितकंच कळतं. आम्ही उमेदवारांबद्दल एकत्र बसून बोलतो. ‘मला मेल आला’, ‘मलाही’ असं होतं आणि दोन्ही मेल शेजारी शेजारी उघडले जातात.

चौघांना वेगळं लिहिता येईल की नाही हे मुलाखत चालू असतानाच ठरतं. आणि तिथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते: प्रश्न कुणी वाचायचे हे पॅनेल आधीच वाटून घेतं. फिल्टरबद्दलचा प्रश्न एचआरची व्यक्ती वाचेल आणि ‘सहकाऱ्याशी मतभेद झाल्यावर काय केलंत’ हा प्रश्न प्लँट मॅनेजर वाचेल. म्हणून ‘तुमचा अमुक प्रश्न फार आवडला’ असं लिहिलंस तर ते चुकीच्या दारात जाऊन पडतं, कारण तो प्रश्न त्या माणसाचा नव्हताच. तू लक्ष ठेवायचंस ते कागदाबाहेरच्या बोलण्यावर. तुझं उत्तर झाल्यावर कुणी मान वर करून ‘म्हणजे नेमकं कसं?’ असं विचारलं? शेवटी तू प्रश्न विचारलेस तेव्हा उत्तर द्यायला कोण पुढे सरसावलं? ते बोलणं त्या माणसाचं स्वतःचं असतं.

त्यासाठी वहीच्या एका पानाचे चार कप्पे कर आणि ओळखी करून देतील तेव्हा नावं नि पदं त्यात लिही. मुलाखतीत फक्त दोन-तीन शब्द टिपायचे, खाली बघत बसू नकोस. कॉल संपला की मात्र जेवायलाही उठू नकोस. आधी त्या शब्दांची पूर्ण वाक्यं कर. सकाळपर्यंत कोण काय बोललं याची सरमिसळ होते, आणि मग माणूस नाइलाजानं सगळ्यांना एकच गुळमुळीत वाक्य लिहितो.

आता एक खरं उदाहरण सांगते. माझ्या ओळखीच्या एका मुलीची अशीच मुलाखत झाली होती. ती आपल्याकडे नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात होती. मेल लिहिताना आम्ही दोघी फोनवर होतो. पॅनेलवर प्रोसेस इंजिनिअर, नियमपालन बघणारी बाई, प्लँट मॅनेजर आणि एचआर.

प्रोसेस इंजिनिअरनं तिला कागदाबाहेरचं विचारलं होतं: पावसाळ्यात गढूळपणा एकदम चढला की तुरटीचा डोस कसा ठरवायचात? तिनं जार टेस्ट सांगितली. तो म्हणाला, आमच्याकडे बर्फ वितळताना गढूळ पाणी येतं, पण ते गारठलेलं असतं, गठ्ठे हळू बनतात. त्याला तिनं लिहिलं ते साधारण असं (मूळ इंग्रजीत, मी आशय देते):

‘थंड पाण्यात गठ्ठे हळू बनतात हे तुम्ही म्हणालात, त्यावर मी रात्री विचार केला. आमच्याकडे गढूळपणा खूप चढायचा, पण पाणी कधी इतकं गार नसायचं. म्हणजे माझा जार टेस्टचा अनुभव डोस ठरवण्यात कामाला येईल, ढवळण्याचा वेग आणि वेळ मात्र मला तुमच्या पाण्यावर नव्यानं शिकावी लागेल. हा फरक दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे.’

बघ, इथे आभार शेवटी आलेत आणि ते एका नेमक्या गोष्टीचे आहेत. शिवाय आपल्या अनुभवाची हद्द कुठे संपते हे तिनं सरळ सांगितलं. इंजिनिअर माणसाला ‘मला सगळं येतं’ यापेक्षा हे वाचून जास्त भरवसा वाटतो.

नियमपालनाच्या बाईंनी मुलाखतीत फारसं काही विचारलं नव्हतं. पण हिनं शेवटी प्रश्न टाकला, की बाहेरून आलेल्या माणसाला इथे कोणती सवय बदलावी लागते? त्यावर त्याच बोलल्या. नमुना वाईट आला की नवा माणूस आधी पुन्हा नमुना घ्यायला धावतो; इथे आधी फोन करायचा. ऑन्टारिओत पिण्याच्या पाण्याचा चाचणी निकाल मर्यादेबाहेर गेला की तिथल्या पर्यावरण मंत्रालयाच्या स्पिल्स ॲक्शन सेंटरला आणि स्थानिक मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थला लगेच तोंडी कळवावं लागतं. फेरनमुन्याच्या निकालाची वाट बघत थांबता येत नाही. या बाईंना तिनं तीनच वाक्यं लिहिली: आधी कळवायचं, मग फेरनमुना, हा क्रम मी लिहून ठेवलाय, आमच्याकडे वरिष्ठांना सांगून फेरनमुना घ्यायची पद्धत होती, त्यामुळे हा बदल मला जाणीवपूर्वक करावा लागेल, इतकं स्पष्ट सांगितल्याबद्दल धन्यवाद.

तिच्या पहिल्या मसुद्यात वॉकरटनचा उल्लेख होता. 2000 साली ऑन्टारिओतल्या त्या गावात दूषित पाण्यानं सात माणसं गेली आणि हजारो आजारी पडली. आजचे कडक नियम त्यातूनच आले, 2002 चा सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्टसुद्धा. तू हे मुलाखतीआधी जरूर वाच. पण आभाराच्या मेलमध्ये ते घालू नकोस, मी तिला ते वाक्य काढायला लावलं. या खात्यातल्या लोकांसाठी तो जिव्हाळ्याचा आणि वेदनेचा विषय आहे. परक्या माणसानं आपला अभ्यास दाखवायला तो काढलेला त्यांना रुचत नाही.

प्लँट मॅनेजर म्हणाला होता, की नवा इंजिनिअर आला की पहिले काही आठवडे त्याला ऑपरेटरांबरोबर पाळीवर ठेवतो. त्याला लिहिलेला मेल सगळ्यात मोठा होता आणि तसाच असायला हवा, कारण तो तिचा साहेब होणार होता. तिनं सुरुवात आभारांनी केली नाही, स्वतःच्या एका गोष्टीनं केली: मी नोकरीला लागले तेव्हा रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून बॅकवॉश कधी घ्यायचा ते शिकले, म्हणून तुमची ही पद्धत मला पटली. पुढे ऑन-कॉलबद्दल तिनं विचारलेल्या शंकेचं त्यानं दिलेलं उत्तर आणि ते आपल्याला चालेल हे स्पष्ट सांगणं. आणि काम करायची इच्छा, एका वाक्यात. ही इच्छा चौघांना लिहायची गरज नसते, एकालाच पुरे.

राहिली एचआर. अवघड मेल हाच असतो, कारण ती व्यक्ती दोन प्रश्न वाचते आणि बाकी वेळ टंकत बसते. तिला ‘आपल्या गप्पा छान झाल्या’ असं लिहू नकोस, गप्पा झालेल्याच नसतात. तिनं खरंच काय केलं ते आठव. मुलाखत किती वेळ चालेल, कोण कोण असेल हे आधी कळवलं, वेळेतला फरक सांभाळून सकाळची वेळ दिली. त्याचे आभार मान आणि तिच्या कामाची एक गोष्ट दे. या मुलीनं लिहिलं की माझे संदर्भ देणारे लोक भारतात आहेत, टोरोंटोच्या वेळेनं सकाळी 7 ते 10 मध्ये फोन केलात तर उचलतील. संपला मेल. एचआरला अशी ओळ कामाला येते.

साचा मधल्या मजकुरात क्वचित दिसतो, तो कडेला दिसतो. लोक मधलं वाक्य बदलतात, पण चौघांचा विषय तोच, पहिली ओळ ‘वेळ दिल्याबद्दल धन्यवाद’ आणि शेवटची ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’. म्हणून चारही मसुदे झाले की प्रत्येकाची फक्त पहिली ओळ एका कागदावर खाली खाली लिही, मग शेवटची. दोन सारख्या निघाल्या तर एक बदल, आणि बदलताना समानार्थी शब्द शोधू नकोस, वाक्य दुसऱ्याच गोष्टीपासून सुरू कर. नंतर नावं झाकून वाच. कुठला मेल कुणाला हे तुला ओळखता येत नसेल तर त्यात अजून त्या माणसाचं काही आलेलं नाही.

भाषेचं थोडक्यात: त्यांनी ओळख करून देताना जे नाव सांगितलं तेच, फक्त पहिलं नाव, आधी ‘हॅलो’. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’, ‘काइंडली’ हे सगळं काढ. नावाचं स्पेलिंग बोलावण्याच्या मेलमधून उचल, ऐकीव लिहू नकोस. आणि मुलाखतीत चुकलेलं उत्तर मेलमधून दुरुस्त करायला जाऊ नकोस. सगळ्या उमेदवारांना सारखी संधी द्यायची म्हणून असा पुरवणी मजकूर धरता येत नाही, आणि वाचणारा उगाच कोंडीत सापडतो.

वेळ अशी ठेव. सध्या हिवाळ्यात सांगली टोरोंटोच्या साडेदहा तास पुढे आहे (मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर साडेनऊ). त्यांच्या सकाळी 10 ची मुलाखत म्हणजे तुझे रात्रीचे साडेआठ. रात्री टिपणं पक्की कर, सकाळी ताज्या डोक्यानं लिही आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे तुझ्या संध्याकाळी सातला, पोचतील असे वेळ लावून ठेव. चारही एकाच मिनिटाला नकोत, थोडं थोडं अंतर राहू दे.

बऱ्याचदा फक्त एचआरचाच पत्ता आपल्याकडे असतो. तेव्हा बाकीच्यांचे पत्ते अंदाजानं बनवू नकोस. एचआरला तिचा छोटा मेल लिही आणि त्याखाली तिघांच्या नावानं तीन वेगळे परिच्छेद देऊन ‘जमल्यास पोचवाल का’ असं विचार. इथे तर चारही मजकूर एकाच पानावर दिसणार, म्हणून पहिल्या ओळींची तपासणी दुप्पट काटेकोर कर. उत्तर बहुतेक कुणाचंच येणार नाही, निकाल लागेपर्यंत आम्हाला उत्तर देणं प्रशस्त वाटत नाही. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून गेली तरच विचार, आणि तेही फक्त एचआरला.