यादीत ‘फ्री कॅन्सलेशन’ दिसतं, तरी पैसे कापले जातात, असं का?

प्रश्न: गणपतीपुळ्याचं हॉटेल अ‍ॅपवरून बुक करायचंय. फ्री कॅन्सलेशन लिहिलंय, त्यावर विसंबावं का?

उत्तर: नुसत्या त्या पट्टीवर नको. एकाच खोलीचे बहुधा दोन-तीन दर असतात आणि ती सवलत त्यातल्या एखाद्यालाच लागू असते. यादीत दिसणारा सर्वांत स्वस्त दर अनेकदा नॉन-रिफंडेबल निघतो. म्हणून खोली उघडून प्रत्येक दराखालची कॅन्सलेशन पॉलिसी वाचा आणि तुलना टॅक्स आणि फी धरून शेवटच्या पानावर येणाऱ्या रकमेचीच करा.

मुदत नीट मोजा. चेक-इन शुक्रवारी दुपारी 12 ला आणि अट ‘48 तास आधी’ असेल, तर मुदत बुधवारी दुपारी 12 ला संपते. बुधवारी रात्री रद्द केलंत तर अटीप्रमाणे एका रात्रीचं भाडं किंवा पूर्ण रक्कमही जाऊ शकते. पैसे भरण्याआधी या अटीचा स्क्रीनशॉट घ्याच.

बुकिंग झाल्यावर ‘Confirmed’ दिसतंय ना, पाहा. ‘Pending’ म्हणजे खोली अजून पक्की नाही. मग हॉटेलला फोन करून नाव, तारखा, खोलीचा प्रकार आणि नाश्ता त्यांच्या नोंदीत आहे का, ते विचारा.