वीतभर मासा: सुरमई की बांगडा?

"कोल्हापूरच्या मंडईत छोटी सुरमई म्हणून घेतला. फोटोवरून सांगा, सुरमईच आहे का?"

नाही, हा बांगडा आहे. कल्ल्यामागच्या पराखाली काळा ठिपका दिसतोय बघा, आणि पाठीवरच्या गडद रेघा डोक्याकडून शेपटीकडे आडव्या गेल्यात. सुरमईच्या अंगावर पट्टे उभे, नागमोडी असतात. लहान सुरमईवर ते कमी असतात. शिवाय सुरमई लांबट, सडपातळ. तुमचा मासा पोटाला चांगलाच फुगीर आहे. खवल्यांवर जाऊ नका, दोघांचेही बारीकच. शेपटीजवळचे छोटे पर तर दोघांनाही असतात. पापलेटचा प्रश्नच नाही, तो चपटा आणि रुंद, चंदेरी.

बर्फात राहून रेघा पुसट झाल्या असतील तर तोंड उघडून फोटो काढा. सुरमईचे दात त्रिकोणी, धारदार, लगेच दिसतात; बांगड्याचे अगदी बारीक. आणि पुढच्या वेळी मासा कापायच्या आधीच बघून घ्या, तुकड्यांवरून ओळखणं फार अवघड.