आयजेपीच्या सूचनेत पात्रतेच्या अटी कशा लिहाव्यात?

"आमच्या कंपनीत आयजेपीची, म्हणजे रिकामी जागा कंपनीतल्याच माणसांतून भरण्याची, सूचना काढायची आहे. पात्रतेच्या अटी कशा लिहू, म्हणजे कुणाची तक्रार येणार नाही आणि मॅनेजरही नाराज होणार नाहीत?"

मॅनेजर नाराज होणारच. चांगला माणूस कोण हसत हसत सोडतो? सूचनेनं इतकंच बघायचं की त्या नाराजीपायी कुणाचा अर्ज अडता कामा नये.

भांडणं बहुतेक तारखेवरून होतात. 'सध्याच्या पदावर १२ महिने पूर्ण' असं सगळेच लिहितात, पण कोणत्या तारखेला पूर्ण, हे लिहीत नाहीत. समजा सूचना १६ जून २०२५ ला निघाली, अर्जाची मुदत २७ जून, आणि स्टोअर्समधला एक जण सध्याच्या पदावर २० जून २०२४ ला आला. सूचनेच्या तारखेला तो अपात्र, मुदतीच्या तारखेला पात्र. मग एचआर आपल्या माणसाला एक तारीख लावतं आणि परक्याला दुसरी. म्हणून सरळ लिहा: 'पात्रता २७ जून २०२५ रोजी मोजली जाईल, कंपनीतली नव्हे, सध्याच्या पदावरची सेवा धरली जाईल, प्रसूती रजा सेवेतून वजा होणार नाही.' हे शेवटचं वाक्य गाळलंत तर २६ आठवड्यांची रजा घेऊन आलेली बाई हमखास बाहेर पडते.

रेटिंगचं म्हणाल, तर 'अंतिम झालेलं शेवटचं वार्षिक रेटिंग' असेच शब्द घाला. नुसतं 'समाधानकारक कामगिरी' लिहिलंत की अर्जाचा वास लागल्यावर मॅनेजर अचानक असमाधानी होतो.

आता 'मॅनेजरची एनओसी जोडावी' ही अट. ती काढून टाका. अर्ज करण्यापूर्वी परवानगी मागायला लावणं म्हणजे आयजेपी नुसती कागदावर. पण मॅनेजरला अंधारात ठेवणंही चूक, कारण मुलाखतीची बातमी कॅन्टीनमधून कळली की तो बदली अडवायलाच बसतो. मधला रस्ता असा: छाननीत नाव आलं की मुलाखतीआधी एचआरनं मॅनेजरला मेल टाकायचा, तीन कामाच्या दिवसांत लेखी म्हणणं मागायचं. ग्राह्य कारणं दोनच: शिस्तभंगाची कारवाई चालू आहे, किंवा अमुक तारखेला संपणारं काम हातात आहे. पहिल्या कारणानं अर्ज थांबतो. दुसऱ्यानं फक्त रिलीज पुढे जातो: निवडपत्रापासून ४५ दिवसांऐवजी जास्तीत जास्त ६०. साठाव्या दिवशी रिलीज आपोआप, आणि हे वाक्य सूचनेतच छापायचं. नाहीतर 'बदली माणूस मिळेपर्यंत थांब' म्हणत सहा महिने जातात आणि तिकडची जागा बाहेरून भरली जाते.

सूचनेत ग्रेड, ठिकाण आणि पगार बदलणार की नाही, हेही टाका. अर्जाला दहा कामाचे दिवस द्या. दोन दिवसांची मुदत दिसली की माणूस आधीच ठरलाय हे सगळ्यांना कळतं.

युनियनमधल्या कामगारांना मात्र हे जसंच्या तसं लावू नका; तिथे आधी करार आणि स्थायी आदेश बघावे लागतात. चाळीस माणसांच्या कंपनीत ६० दिवसही कमी पडतील, तिथे ९० धरा. पण एनओसी तिथेही नको.