अडीअडचणीचा पैसा: बचत खातं, स्वीप की लिक्विड फंड?

प्रश्न: महिन्याचा घरखर्च ५० हजार आहे. सहा महिन्यांचे तीन लाख बचत खात्यात पडून आहेत, व्याज अडीच टक्के. मित्र म्हणतो, सगळे लिक्विड फंडात टाक. टाकू का?

सगळे नको. अडीच टक्क्यांनी तीन लाखांवर वर्षाला साडेसात हजार मिळतात. स्वीप ठेवीत बचत खात्यातली ठरावीक उंबरठ्यावरची रक्कम आपोआप मुदत ठेव होते; लिक्विड फंड हा अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड. यांत सव्वासहा टक्के धरले, तर पावणेएकोणीस हजार. फरक सव्वाअकरा हजारांचा, त्यातूनही कर जाईल. तो सोडावा असं मी म्हणणार नाही, पण पैसा हातात किती वेळात येतो हे आधी बघा.

समजा, शनिवारी रात्री घरात कुणाला अ‍ॅडमिट करावं लागलं आणि रुग्णालयाने लाखभर अनामत मागितली. लिक्विड फंडात पैसे काढण्याची विनंती कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत गेली, तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. शनिवार रात्रीची विनंती सोमवारची धरली जाते आणि रक्कम मंगळवारी जमा होते, मध्ये सुट्टी नसेल तर. काही फंड तत्काळ पैसे देतात, पण दिवसाला एका योजनेतून जास्तीत जास्त ५० हजार किंवा तुमच्या गुंतवणुकीच्या ९० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम. म्हणजे लाखाची अनामत त्यातून त्या रात्री भरता येत नाही. स्वीप ठेव मात्र कार्ड घासताच मोडते.

तुमच्या जागी मी ५० हजार साध्या बचत खात्यात, दीड लाख स्वीपमध्ये आणि उरलेले लाख लिक्विड फंडात ठेवीन. नोकरी गेली तर चौथ्या-पाचव्या महिन्याला लागणारा पैसा दोन दिवस उशिरा आला म्हणून काही अडत नाही.

प्रश्न: माझ्या खात्याला स्वीप आहे. मध्यंतरी ४० हजार काढले, तर व्याज अपेक्षेपेक्षा बरंच कमी आलं. बँकेने फसवलं का?

फसवलं नसावं. कुठली ठेव आधी मोडली, ते तपासा. समजा, तुमच्या खात्यातून लाख-लाखाच्या दोन ठेवी तयार झाल्या, एक जानेवारीत, दुसरी ऑगस्टमध्ये, दोन्ही एक वर्षासाठी सव्वासहा टक्क्यांनी. सप्टेंबरमध्ये तुम्ही ४० हजार काढलेत. मोडलेल्या भागाला ठरलेला दर मिळत नाही. ठेव जितके दिवस टिकली तितक्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात.

आठ महिन्यांचा दर पावणेसहा आणि दंड एक टक्का धरा. जानेवारीची ठेव मोडली, तर ४० हजारांवर आठ महिने दीड टक्का कमी, म्हणजे ४०० रुपये गेले. ऑगस्टची मोडली असती, तर एकाच महिन्याचं व्याज घटलं असतं. दंड धरूनही नुकसान शंभराच्या आसपास. शेवटची ठेव आधी मोडण्याच्या पद्धतीला बँकेत ‘लिफो’ म्हणतात, पहिली आधी मोडण्याला ‘फिफो’. तुमच्या खात्याला कुठली लागू आहे, हे शाखेत विचारा. शक्य असेल तर लिफो घ्या. आणि सात दिवसांच्या आत मोडलेल्या भागावर सहसा व्याज मिळतच नाही. पगार आला की स्वीपमध्ये आणि चार दिवसांनी घराच्या हप्त्यासाठी बाहेर, असं चालू असेल तर स्वीपची उंबरठा-रक्कम वाढवून घ्या.

प्रश्न: लिक्विड फंडात मुद्दल बुडू शकतं?

क्वचित, पण हो. फेब्रुवारी २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या कर्जरोख्यांचं पतमानांकन घसरलं आणि ते रोखे बाळगणारा टॉरस लिक्विड फंड एका दिवसात सात टक्क्यांहून जास्त पडला. त्यानंतर नियम कडक झाले. त्यामुळे फंड निवडताना परताव्याचा तक्ता बाजूला ठेवा आणि महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये सरकारच्या ट्रेझरी बिलांचा वाटा किती आहे ते पाहा. शेजारच्या फंडापेक्षा पाव टक्का जास्त मिळत असेल, तर तो बहुधा दुबळ्या कंपनीला दिलेल्या उसन्याचा असतो.

बँकेतही ठेवविमा एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल-व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे.

प्रश्न: सगळं माझ्या एकट्याच्या नावावर आहे, पत्नी नॉमिनी आहे. पुरेसं आहे ना?

नाही. नॉमिनीला हक्क मिळतो तो तुमच्या पश्चात. तुम्ही अतिदक्षता विभागात असाल, तर त्या पैशाला त्या हात लावू शकत नाहीत. स्वीपचं खातं दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल असं करून घ्या आणि त्यांचं वेगळं डेबिट कार्ड काढा. कार्डची दिवसाची मर्यादाही अनामतीला पुरेल इतकी वाढवा, बहुतेक वेळा काउंटरवर तिथेच अडतं.