पासबुकात तीन हजार, मग कर्ज किती?

आम्हा १२ जणींचा बचत गट आहे. बँकेत खाते काढायला सगळ्यांची केवायसी आणि गटाचे पॅन कार्ड लागेल का? (माण)

बचत खात्यासाठी पदाधिकाऱ्यांचीच केवायसी पुरते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सगळ्या सदस्यांची कागदपत्रे कर्जाच्या वेळी मागितली जाऊ शकतात. पॅन नसेल तर तसे जाहीर करणारा फॉर्म ६० भरून द्या.

खरी काळजी ठरावाची घ्या. त्यात गटाचे नाव, शाखा आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार होईल, हे स्पष्ट हवे. ठरावात ‘महिला बचत गट’ आणि शिक्क्यावर ‘महिला समूह’ असे झाले, तर बँक कागद परत करते. शिक्का ठरावानंतरच बनवा.

आम्ही १२ जणी ८ महिने दरमहा प्रत्येकी २०० रुपये जमा करतोय, पण पासबुकात ३,१५० रुपयेच दिसतात. कर्ज किती मिळेल? (खटाव)

पासबुकातली शिल्लक म्हणजे गटाचा निधी नव्हे. १२ जणींची ८ महिन्यांची बचत झाली १९,२००. तुमच्या वहीप्रमाणे अंतर्गत कर्जावरचे व्याज १,३०० आणि दंड १५० धरला, तर निधी २०,६५० होतो. त्यातले १७,००० तुमच्यापैकीच काहींकडे कर्जाऊ आहेत, ५०० हातात आणि ३,१५० बँकेत. बेरीज जुळली. पैसा फिरतोय हे चांगलेच. गटाची प्रतवारी करताना बँक तेही पाहते.

उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना पहिले कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातले जे जास्त ते. तुमची सहापट १,२३,९०० होते, म्हणून मागणी दीड लाखाची करा. त्यासाठी गट किमान ६ महिने सुरू हवा. हे महिने वहीतल्या व्यवहारांवरून मोजतात, खाते उघडल्याच्या तारखेवरून नाही.

अडते ते वहीत. कर्जखतावणीची येणे बाकी आणि सदस्यांच्या पासबुकांची बेरीज जुळत नाही, किंवा सहा महिन्यांचे इतिवृत्त एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेले दिसते. अधिकाऱ्याला ते लगेच कळते. चुकले असेल तर खाडाखोड नको. पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा ठराव घ्या.

कर्ज देतो, पण आधी २०,००० ची ठेव ठेवा, असे शाखेत सांगतात. (वाळवा)

गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, ठेवीची अट नाही आणि बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. मागणी लेखी द्या म्हणावे. बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला तर गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बँक सखीला घेऊन जा.

आमच्यातल्या एकीचे त्याच बँकेत जुने कर्ज थकले आहे. आता सगळा गट अडकणार का? (जत)

गट स्वतः थकबाकीदार नसेल तर एका सदस्याच्या थकबाकीमुळे सहसा गटाचे कर्ज अडवू नये, असेच रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मात्र या कर्जातला पैसा त्या सदस्याला देता येत नाही. म्हणून मागणी करतानाच कोणाला किती वाटणार याच्या यादीतून तिचे नाव वगळा. तिची बचत आणि बैठकीतली हजेरी मात्र चालूच राहू द्या.