बक्षीसपत्र करून दिलं, आता मागच्या खोलीत

प्रश्न : माझं वय ७४. दोन वर्षांपूर्वी माझ्या नावावरचा फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. आता मागच्या खोलीत असते, चहासुद्धा मागावा लागतो. ह्यांच्या मागे मिळणारी पेन्शन तोच काढतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यापुरता मला बँकेत नेतो. पोलिसात जायचं नाही, पोटचा मुलगा आहे. घर परत मिळेल का?

उत्तर : काकू, पोलिसात न जाताही हे होऊ शकतं. माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील ‘मुलाला बेड्या पडतील’ या भीतीनेच वर्षानुवर्षं गप्प असतात. दुसरी भीती मनातली : उद्यापासून दोन घास कोण घालणार? पण ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याखालचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे जातो. तिथे घराचा आणि पोटगीचा निकाल लागतो. नुसत्या अर्जाने मुलाला अटक होत नाही.

घराचं भवितव्य कलम २३वर आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होतं. अडचण ‘अटीवर’ या शब्दात आहे. बक्षीसपत्रात बहुधा ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ एवढंच छापील वाक्य असतं, आणि अट दिसत नसेल तर हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटलं. मात्र जानेवारी २०२५च्या ऊर्मिला दीक्षित निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावला. तिथे मुलाने त्याच दिवशी वेगळ्या कागदावर सांभाळाचं वचन लिहून दिलं होतं. आईला घर परत मिळालं.

म्हणून आधी दस्ताची नक्कल काढा आणि ‘तहहयात राहण्याचा हक्क’, ‘पालनपोषण’ असे शब्द शोधा. नसतील, तर त्या दिवसांतली चिठ्ठी किंवा मोबाईलवरचा निरोप, ज्यात तो ‘आई, तुला मीच बघणार’ म्हणतो, जपून ठेवा. काहीच हाती लागलं नाही, तर फसवणूक वा दबावाच्या मुद्द्यावर दिवाणी दावा उरतो. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि तुमची दोन गेली आहेत, म्हणून वकिलाला लगेच भेटा.

अर्जात पोटगीही मागा. महिना दहा हजारांपर्यंत मिळते. नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून अंतरिम पोटगीची मागणी सुरुवातीलाच लिहा. स्वतः जाणं जमत नसेल, तर मुलगी किंवा विश्वासातली कोणीही व्यक्ती तुमच्या अधिकारपत्रावर अर्ज करू शकते.

पेन्शनसाठी मात्र अर्जाची वाट पाहू नका. पासबुक आणि आधार घेऊन स्वतः शाखेत जा. जुनं एटीएम कार्ड बंद करा आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदला. तो मुलाचाच असणार, म्हणून पैसे निघाल्याचे मेसेज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. आधी नंबर, मग नवं कार्ड. उलट केलंत तर नव्या कार्डाचा ओटीपी त्याच्याच फोनवर जाईल.