उभ्याच्या नोकरीसाठी कपडे आणि पादत्राणे: कोकणातल्या दमट हवेचा विचार करून

प्रश्न: मी रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयात स्वागतकक्षात रुजू झाले आहे. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बसणे फारसे होत नाही, कारण रुग्णांना घेऊन ओपीडी, प्रयोगशाळा, औषधांचे दुकान अशी सतत ये-जा असते. गणवेश नाही, ‘साधा आणि नीटनेटका पोशाख’ एवढीच अट आहे. रेयॉनचे तयार कुर्ते आणि लेगिंग घालते. दुपारपर्यंत पाठ भिजते, हात वर केला की कुर्ता वर सरकतो आणि संध्याकाळी पाय जड होतात. पावसाळ्याआधी काय बदलू?

उत्तर:

ताई, मी चिपळुणात शिवणकाम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत परिचारिका आणि औषधांच्या किंवा कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया बऱ्याच आहेत. त्यांचे कपडे शिवताना आणि दुरुस्त करताना जे वारंवार पाहिले, त्यावरून लिहिते. खर्चाचा क्रम पायांपासून वर असा ठेवा: आधी पादत्राणे, मग कापड आणि शेवटी शिलाई.

रुग्णालयात बोटे पूर्ण झाकणारा बूटच हवा, कारण तेथे सुई पडू शकते, द्रव सांडू शकतो आणि ट्रॉलीचे चाक पायावरून जाऊ शकते. वर छिद्रे असलेले रबरी बूट हलके असले तरी त्या छिद्रांतून सांडलेले आत जाते, म्हणून ते टाळावेत. बूट संध्याकाळी, काम संपल्यावर घ्यायला जावे. दिवसभर उभे राहिल्यावर पाऊल थोडे फुगते आणि सकाळी बरोबर बसलेला बूट तेव्हा आवळतो. दोन्ही पावले क्वचितच एका मापाची असतात, म्हणून मोठ्या पावलाचे माप धरावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. मग बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मध्यावर दुमडत असेल तर तळव्याला त्याचा आधार मिळणार नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबल्यावर चेपता कामा नये. अगदी सपाट तळव्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंचीची रुंद टाच बहुतेकींना बरी पडते. नुकत्याच पुसलेल्या गुळगुळीत फरशीवर कडक प्लास्टिकचा तळ घसरतो, त्यामुळे किंचित मऊ, खाचा असलेला रबरी तळ पाहून घ्यावा.

आपल्याकडे याला आणखी एक गोष्ट जोडावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्त्यावरचे पादत्राण आणि कामाचे पादत्राण वेगवेगळे ठेवा. एसटी स्टँडपासून रुग्णालयापर्यंत रबरी सॅंडल घाला, तिथे पाय धुऊन आणि बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसून कामाचे बूट चढवा. ते बूट रुग्णालयातच ठेवता आले तर उत्तम, कारण वॉर्डातले बूट घरात न येणे केव्हाही चांगले. कामाचे बूटही शक्यतो दोन जोड घ्यावेत आणि एक दिवसाआड वापरावेत. घामाने आतून ओलसर झालेला बूट आपल्या पावसाळी हवेत एका रात्रीत पूर्ण वाळत नाही. त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले आणि काही तासांनी बदलले, तर ओल लवकर निघते. चामड्याच्या बुटांवर जुलैत बुरशी धरते आणि कापडी बूट भिजले की दिवसेंदिवस ओले राहतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसता येणारा कृत्रिम चामड्याचा बूट या चार महिन्यांत अधिक सोयीचा ठरतो.

मोजे शुद्ध सुती असले की घाम शोषतात, पण तो धरून ठेवतात. त्या ओलीत त्वचा मऊ पडते, फोड येतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सुतात थोडे नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेले, शिवण बोटांवर न टोचणारे मोजे घ्यावेत आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जोड बदलावा. पाय जड होण्यावर दाब देणारे लांब मोजे उपयोगी पडतात. ते सकाळी, सूज येण्याआधी घालायचे असतात. मधुमेह किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असल्यास मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. एकाच पायाला सूज येऊन दुखू लागले, तर तो बुटाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आता कापडाकडे येते. बाजारातले बहुतेक स्वस्त तयार कुर्ते रेयॉनचे असतात आणि दुकानात हाताला ते फार मऊ लागतात. परंतु रेयॉन सुतापेक्षाही जास्त पाणी पिते, ओले झाल्यावर जड होऊन लोंबते, अंगाला चिकटते आणि त्या अवस्थेत कमकुवतही होते. पाठ भिजून तशीच राहते, ती त्यामुळे. कोकणात हवेतच एवढी ओल असते की घाम उडून जायला जागा मिळत नाही, म्हणून येथे कापड किती पाणी शोषते यापेक्षा ते किती लवकर सोडते हे पाहावे. शुद्ध पॉलिस्टर लवकर वाळते, पण घाम शोषत नाही आणि त्याला वासही लवकर लागतो. माझ्या मते पावसाळ्यातल्या कामाच्या कुर्त्यासाठी सुतात एक तृतीयांश ते निम्मे पॉलिस्टर असलेले पातळ कापड सर्वांत समाधानकारक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत, कपडे एका दिवसात खडखडीत वाळतात तेव्हा, पातळ केंब्रिकसारखे शुद्ध सुती कापड खुशाल वापरावे.

दुकानात दोन परीक्षा करता येतात. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा: तो झटकन पसरला तर घामही पसरून वाळेल, आणि मण्यासारखा तसाच राहिला तर घाम पाठीवरून ओघळेल. दुसरे म्हणजे कापड मुठीत अर्धा मिनिट चुरगाळून सोडावे. सुरकुत्या बऱ्याच अंशी आपोआप उलगडल्या तर ते संध्याकाळपर्यंत नीट दिसेल. पोत थोडा खडबडीत असलेले कापड अंगाला कमी ठिकाणी टेकते, त्यामुळे ते कमी चिकटते. रंगांत राखाडी आणि फिकट आकाशी या रंगांवर घामाचा ओला डाग सर्वांत जास्त उठून दिसतो. गडद निळ्यावर तो फारसा दिसत नाही आणि बारीक छापाच्या कापडावर जवळजवळ हरवतो.

शिलाईतला मुख्य मुद्दा मुंढ्याचा आहे, आणि याबद्दलचा समज बहुधा उलटा असतो. हात मोकळा राहावा म्हणून गिऱ्हाइके मुंढा खोल ठेवायला सांगतात. पण मुंढा जितका खोल, तितकी बाही कुर्त्याच्या धडाला खाली जोडली जाते, आणि हात वर केला की सगळा कुर्ता वर ओढला जातो. मुंढा बगलेच्या जवळ, उथळ ठेवावा आणि मोकळेपणा बाहीच्या रुंदीत द्यावा. दंडाच्या मापापेक्षा बाही अडीच-तीन इंच मोठी असावी, छातीवर चार इंच सैल ठेवावी आणि फार उंच फळ्यांवरचे सामान काढायचे काम असेल तर बगलेत लहान चौकोनी कळी घालावी. ट्रायलला गेल्यावर आरशासमोर नुसते उभे राहू नका. वरच्या फळीवरची फाइल काढत असल्यासारखे दोन्ही हात वर करा, मग वाका, मग खुर्चीवर बसा. हात वर केल्यावर खालची कड दोन बोटांहून जास्त वर गेली, तर मुंढा पुन्हा करून मागावा. त्यासाठी कापड शिल्लक लागते, म्हणून आतल्या शिवणीत एक इंच दाब ठेवायला आधीच सांगावे.

बाही कोपराच्या वर संपणारी असावी, म्हणजे मनगटापर्यंत हात धुताना ती भिजत नाही. लांबी गुडघ्याच्या किंचित वर ठेवावी. बाजूचा कट नितंबाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत यावा. त्याहून खाली थांबला तर झपझप चालताना पाऊल अडते आणि कटाच्या टोकाला कापड फाटते. उजव्या बाजूच्या शिवणीत एक खोल खिसा घ्यावा. ओढणी ट्रॉलीच्या दांड्यात अडकते, तेव्हा ती न घेता बिनबाह्यांचे पातळ जाकीट घालावे, किंवा घेतलीच तर दोन्ही खांद्यांवर पिन लावून कमरेशी बांधावी.

लेगिंगऐवजी सरळ पँट घ्या. लेगिंग मांडीला आणि गुडघ्यामागे घट्ट बसते, तिथला घाम सुटायला वाट राहत नाही आणि पावसाळ्यात गजकर्णाला तेवढे निमित्त पुरते. पँटला पुढे सपाट पट्टी आणि मागे सव्वा इंचाचे इलॅस्टिक असावे, मागचे आसन पुढच्यापेक्षा उंच असावे म्हणजे वाकताना ती खाली सरकत नाही, आणि पायाची कड घोट्याच्या दोन बोटे वर थांबावी. पलाझोची रुंद कड चिखलात भिजते आणि खुर्चीच्या चाकात जाते. मांड्या घासत असतील तर आत सुती-लायक्राची गुडघ्यापर्यंतची शॉर्ट घालावी. ज्या दुकानांत साडीच नेसावी लागते, तिथल्या मैत्रिणींना मी परकराला बारीक नाडीऐवजी दोन इंचांचा रुंद पट्टा लावून देते, कारण दिवसभर घट्ट बांधलेली नाडी कमरेवर एकाच रेषेत घासत राहते आणि तिथली त्वचा काळवंडते, कधी सोलवटते.

तुमच्यासाठी हिशेब असा मांडते. चार कुर्ते आणि चार पँट शिवून घ्या. पावसात कपडा घरातल्या वलाणीवर पंख्याखाली दोन दिवस घेतो असे धरले, तर तीन जोड आळीपाळीने पुरतात, कारण सोमवारचा जोड पुन्हा गुरुवारी लागतो. चौथा जोड रुग्णालयात पिशवीत ठेवा. येताना भिजलात किंवा अंगावर काही सांडले तर तो उपयोगी पडेल. पँट चारही गडद निळ्या घ्या, म्हणजे कोणताही कुर्ता कोणत्याही पँटवर चालेल. कुर्ते पांढऱ्या किंवा निळ्या जमिनीवर बारीक छापाचे घ्या. 44 इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड एका कुर्त्याला सहज पुरते, म्हणजे चार कुर्त्यांना दहा मीटर झाले. त्यात जे सुती असेल ते शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून शिंप्याकडे द्या, नाहीतर पहिल्या दोन-तीन धुण्यांत लांबी आणि मुंढा दोन्ही आटतील. सगळे एकदम जमत नसेल तर आधी एक जोड बूट आणि दोन जोड कपडे करा, आणि एकच कुर्ता आधी शिवून आठवडाभर वापरून मगच बाकीचे कापा.

धुतलेले कपडे अर्धवट ओले असताना घडी घालू नका. कुबट वास त्यातूनच येतो आणि नंतर बुरशीचे काळे ठिपके पडतात. थोडी ओल राहिली असेल तर आतून इस्त्री फिरवून तासभर मोकळे टांगा. जांभ्याच्या लाल मातीचे शिंतोडे उडाले तर ते ओले असताना चोळू नका. वाळू द्या, ब्रशने झटका आणि मग साबणाच्या पाण्यात भिजवा. त्या मातीचा रंग लोहाचा असतो, त्यामुळे ब्लीचने तो जात नाही, उलट पिवळसर डाग पक्का बसण्याची भीती असते. पांढऱ्या कापडावर डाग राहिलाच तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. रंगीत छापावर मात्र हा उपाय आधी आतल्या शिवणीच्या दाबावर करून पाहा.